गाविलगडाची ऑडिओ गाईड लिहिताना या चुका टाळा

चिखलदऱ्याच्या गाविलगडासाठी आम्ही मराठीत ऑडिओ गाईड केली, तेव्हा सगळ्यात मोठी चूक टायमिंगची झाली. शार्दूल दरवाज्यासाठी मी घरी बसून ३६० शब्द लिहिले, आणि आपण निवांत बोललो तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं. घरी ऐकताना मस्त वाटलं, पण गडावर उन्हात उभं राहून कोण ऐकते भाऊ, दीड मिनिटातच मंडळी पुढं सरकली अन् कानात मात्र दरवाजाच सुरू.

मग त्याच स्टॉपचे १७० शब्द केले. वऱ्हाडच्या इमादशाहीचा इतिहास पुढच्या सावलीच्या जागी नेला, इथं फक्त डोळ्यासमोर दिसते तेवढंच ठेवलं:

"दरवाज्याकडं तोंड करून उभे राहा. आता कमानीच्या वर बघा. (८ सेकंद शांत) दोन तोंडांचा पक्षी दिसला? हा गंडभेरुंड."

आधी उभं कसं राहायचं ते सांगा, मगच डावं-उजवं, नाहीतर अर्धे लोक उलट्या बाजूला बघतात. आणि स्क्रिप्टमध्ये नुसतं "पॉज" लिहू नका, सेकंद लिहा, कारण वाचणारा स्टुडिओत दोन सेकंदातच पुढं जाते. आठ सेकंद कमी पडले हे कसं कळते? टेस्टला आलेल्या माणसाची मान वर जायच्या आधीच आवाज सुरू झाला की समजायचं.

चालायचा वेळ स्वतःच्या पायानं मोजू नका. एका टप्प्याला मला ४ मिनिटं लागली, आमच्या मावशीला गुडघ्यामुळं ७. म्हणून चालताना काही ऐकवायचंच नाही असं ठरवलं, प्रत्येक फाईल वाट सांगून संपते आणि पुढची आपोआप सुरू होत नाही, तिथं पोचून स्वतः दाबायची. फायली पण खालीच डाउनलोड करून घ्यायला सांगा.

उच्चाराचं तर मला वाटलं आपलीच भाषा, नोट कशाला. पण "चुन्यात बसवलेले चिरे" यात चुन्यातला च चाकातला आहे अन् चिऱ्यातला चिमणीतला, आणि घाईत वाचणाऱ्यानं दोन्ही सारखेच वाचले. लिपीत फरक दिसत नाही, म्हणून अशा शब्दाखाली रेघ मारून बाजूला ओळखीचा शब्द लिहायचा: चुना – चाक, चिरा – चिमणी. तसंच जुना – जाळं, जिना – जिरं. लांब, अवघड शब्द तोडून लिहा, जसं गंड-भेरुंड, किंवा इंग्रज सेनापतीचं नाव वेल-स्ली. सालही अक्षरात, १८०३ लिहिलं तर एकजण "एक हजार आठशे तीन" म्हणते अन् दुसरा "अठराशे तीन", दोघांची लांबी वेगळी, मग सगळे सेकंद हलतात.

रेकॉर्डिंग झाल्यावर गडावर जाऊन पुन्हा घड्याळ लावा, भर वाऱ्यात, कारण तटावर वाऱ्याच्या आवाजात वाक्याचं शेवटचं क्रियापद आधी बुडते. आमचं "डावीकडं वळू नका" मधलं "नका"च गेलं होतं, आता ते "सरळ चला" केलंय.