एफएफटी वापरायची की सरळ कन्व्होल्यूशन? आधी गुणाकार मोजा

N बिंदूंचा डीएफटी सूत्राप्रमाणे सरळ काढला तर N² कॉम्प्लेक्स गुणाकार लागतात. रॅडिक्स-2 एफएफटी तेच उत्तर (N/2)·log₂N गुणाकारांत देते. N = 1024 घेतलात तर 10,48,576 च्या जागी 5,120, म्हणजे सुमारे 205 पट बचत. पण हा आकडा पाहून प्रत्येक फिल्टर एफएफटीने चालवायला घेऊ नका, कारण कन्व्होल्यूशनचा हिशेब वेगळा असतो.

1. सरळ पद्धतीचा खर्च लिहा. फिल्टरला M टॅप असतील, तर दर आउटपुट सॅम्पलला M गुणाकार. एवढंच.

2. एफएफटीचा खर्च काढा. सिग्नल लांब असेल तर ओव्हरलॅप-सेव्ह पद्धत घ्या. फिल्टरची एफएफटी एकदाच काढून ठेवता येते. मग दर ब्लॉकला एक एफएफटी, N गुणाकार आणि एक उलटी एफएफटी मिळून N(log₂N + 1) कॉम्प्लेक्स गुणाकार होतात. एका कॉम्प्लेक्स गुणाकारात चार साधे गुणाकार असतात. ब्लॉकमधून वापरण्याजोगे सॅम्पल मात्र N − M + 1 एवढेच मिळतात, म्हणून भागाकार त्यानेच करायचा.

3. दोन-तीन N घालून पाहा. M = 64 असताना N = 256 ला दर सॅम्पलमागे 47.8 गुणाकार पडतात, 512 ला 45.6 आणि 1024 ला पुन्हा 46.9. सरळ पद्धतीला 64 लागतात, म्हणजे एफएफटी जिंकते, पण थोडक्यात. M = 32 ला मात्र एफएफटीचा खर्च 41 च्या आसपास राहतो आणि ती हरते. सिग्नल रिअल असेल आणि रिअल-एफएफटी वापरलीत तर खर्च जवळपास निम्मा होतो, मग 32 लाही ती पुढे जाते. प्रत्यक्ष प्रोसेसरवर सरळ पद्धतीचा लूप फार सुटसुटीत पळतो, त्यामुळे कागदावरच्या एवढ्याशा आघाडीवर विसंबू नका, वेळ मोजा:

```python
from scipy.signal import choose_conv_method
choose_conv_method(x, h, measure=True)
```

हे फंक्शन अख्ख्या सिग्नलची एकच मोठी एफएफटी गृहीत धरतं. लांब सिग्नल आणि आखूड फिल्टर असेल तर `oaconvolve` चा वेळही शेजारी ठेवून बघा.

4. शून्यं भरायला विसरू नका. [1, 2, 3] आणि [1, 1] यांचं कन्व्होल्यूशन [1, 3, 5, 3] येतं. तेच 3 बिंदूंच्या एफएफटीने केलंत तर [4, 3, 5] मिळतं, कारण शेवटचा 3 गोल फिरून पहिल्या 1 मध्ये मिसळला. उत्तराचे सुरुवातीचेच सॅम्पल चुकत असतील तर गडबड इथेच आहे. संपूर्ण उत्तर हवं असेल तर N दोन्ही लांब्यांच्या बेरजेपेक्षा फार तर एकने कमी चालेल; ओव्हरलॅप-सेव्हमध्ये प्रत्येक ब्लॉकचे पहिले M − 1 सॅम्पल टाकून द्यायचे.

5. उशीर तपासा. 48 kHz वर एक सेकंदाचा रिव्हर्ब म्हणजे 48,000 टॅप. N = 1,31,072 घेतला तर दर सॅम्पलला 114 गुणाकारांत काम होतं. पण ब्लॉक भरायला 83,073 सॅम्पल, म्हणजे 1.73 सेकंद थांबावं लागतं. रेकॉर्डिंगवर नंतर प्रक्रिया करताना हे खपतं, गायक हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकत असेल तर नाही. तिथे फिल्टरचेच तुकडे पाडा: सुरुवातीचे थोडे टॅप सरळ पद्धतीने चालवा, उरलेले वाढत्या आकाराच्या एफएफटी ब्लॉकने.