पर्याय गायब असलेला प्रश्न

अभ्यासाच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "पुढीलपैकी कोणता वायू हरितगृह वायू नाही?" प्रश्न तिथेच संपला. पर्याय बहुधा चित्राच्या रूपात होते, त्यामुळे कॉपी करताना फक्त मजकूर आला. लगेच एकाने उत्तर टाकलं: "ब". कशातला ब, देव जाणे!

"सूर्यमालेतला सर्वात मोठा ग्रह कोणता?" असं असतं तर पर्याय नसतानाही गुरू हे उत्तर देता आलं असतं. इथे मात्र "नाही" आहे, आणि हरितगृह वायू नसलेले वायू कितीतरी. म्हणून मी स्वतःहून चार पर्याय रचले नाहीत. तसं केलं असतं, तर उत्तर माझ्या प्रश्नाचं झालं असतं, तिच्या नाही.

मी लिहिलं: "पर्याय आलेले नाहीत, ते टाइप करून पाठव. तोवर कसोटी अशी: जो वायू अवरक्त किरण शोषतो तो हरितगृह वायू. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि पाण्याची वाफ हे त्यात येतात. नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन यांपैकी एकच पर्यायात असेल, तर बहुधा तेच उत्तर. नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड यांत गल्लत करू नकोस."

थोड्या वेळाने पर्याय आले: मिथेन, नायट्रस ऑक्साइड, नायट्रोजन, ओझोन. तिने नायट्रोजन आधीच निवडला होता, मला फक्त "बरोबर" म्हणायचं उरलं. आणि तो पर्याय "क" होता.