बीसीआर-एबीएलचं सॅम्पल पाठवताय? आधी हे बघून घ्या

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचा संशय असला की पहिलं काम म्हणजे गोळी सुरू व्हायच्या आधीच सॅम्पल घ्यायचं, इमॅटिनिब दिल्यावर नाही, कारण या पेशंटमध्ये बीसीआर आणि एबीएल हे दोन जीन नेमके कुठे जोडले जाऊन फ्यूजन झालंय हे सुरुवातीला कळलं नाही तर पुढे वर्षभर पीसीआर निगेटिव्ह आला तरी त्याचा अर्थ काय ते कुणालाच सांगता येत नाही.

ट्यूब दोन लागतात. कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाची, सोडियम हेपारिनवाली, कारण तिथे पेशी जिवंत हव्यात, त्या कल्चरमध्ये वाढवून विभाजनाच्या मधेच थांबवतात आणि साधारण २० पेशींचे क्रोमोसोम बघतात. पीसीआर आणि आरएनए सिक्वेन्सिंगला जांभळी ईडीटीए, कारण हेपारिन पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे हिरवीतलंच थोडं इकडे ओतू असा शॉर्टकट मारू नका. आणि नागपूरच्या मे महिन्यात सॅम्पल दुपारी बाइकच्या डिक्कीत ठेवून लॅबला नेणं म्हणजे कल्चर मारणं आणि आरएनएही सडवणं, थर्मोकोलचा डबा घ्या, पण हिरवी ट्यूब बर्फाला टेकू देऊ नका आणि गोठवू तर अजिबात नका.

रिक्वेस्ट फॉर्मवर फक्त 'ल्युकेमिया' लिहू नका, कुठलं फ्यूजन शोधायचं ते लिहा. पीसीआरला जे विचारलं तेवढंच तो सांगतो. समजा कॅरिओटाइपमध्ये २० पैकी २० पेशींत t(9;22)(q34;q11), म्हणजे ९ आणि २२ क्रोमोसोमची हे फ्यूजन बनवणारी अदलाबदल, दिसतंय आणि पीसीआर म्हणतो 'नॉट डिटेक्टेड'. अशा वेळी लगेच ट्यूब अदलाबदल झाली म्हणून लॅबवर चिडायचं नाही, आधी रिपोर्टमध्ये कंट्रोल जीनच्या कॉपी बघायच्या. त्या १०,००० च्या वर असतील तर आरएनए चांगला आहे, म्हणजे गडबड प्राइमरच्या, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या, जागेत असू शकते. नेहमी बीसीआरचा १३वा किंवा १४वा एक्सॉन, म्हणजे जीनचा एक भाग, एबीएलच्या दुसऱ्याला जोडलेला असतो आणि एक प्राइमर बरेचदा त्या दुसऱ्यावरच बसतो. काही थोड्या पेशंटमध्ये जोड थेट तिसऱ्याला असतो, दुसरा एक्सॉन गायबच, मग प्राइमर बसणार कुठे? फ्यूजन आहे, काम करतंय, पण टेस्टला दिसत नाही.

इथे आरएनए सिक्वेन्सिंग कामी येतं, कारण त्याला जोड आधी माहीत असावा लागत नाही, अर्धा बीसीआरचा आणि अर्धा एबीएलचा असा रीड, म्हणजे वाचलेला तुकडा, सापडला की जोड कुठला ते समजतं. पण ते महाग, वेळखाऊ, आणि शेजारच्या दोन जीनचा सलग वाचला गेलेला आरएनएही कधीकधी फ्यूजन म्हणून दाखवतं, म्हणून सापडलेल्या जोडावर वेगळे प्राइमर बनवून पीसीआरने खात्री करायला सांगा आणि पुढचा फॉलोअपही त्याच प्राइमरवर होईल ना, हे लॅबला फोन करून आत्ताच विचारून ठेवा.