गोळ्यांच्या वेष्टनावरची सूचना सोपी करताना या चुका टाळा

औषधाच्या वेष्टनावरची सूचना सोपी करायला घेतली की बहुतेक जण आधी अवघड शब्द हटवतात. ते गरजेचंच असतं, पण वाक्य बदलताना त्यातली मर्यादाही नकळत बदलते. वाक्य गोड वाचतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हे नेमकं कुठे घडतं ते एकाच उदाहरणातून बघू. औषध रोजचंच घेऊ: पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची गोळी.

समजा, आपल्याकडे आलेला मूळ मजकूर असा आहे:

"१६ वर्षे व त्यावरील व्यक्तींनी आवश्यकतेनुसार दर ४ ते ६ तासांनी १ ते २ गोळ्यांचे सेवन करावे. दोन मात्रांमध्ये किमान ४ तासांचे अंतर राखावे. २४ तासांच्या कालावधीत ८ गोळ्यांची कमाल मात्रा ओलांडू नये. पॅरासिटामॉलयुक्त अन्य औषधांसमवेत सेवन करू नये. अतिमात्रेचे सेवन झाल्यास, लक्षणे नसली तरी, यकृतास विलंबाने हानी संभवत असल्याने त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा."

आणि कुणीतरी तो असा सोपा केला:

"मोठ्या माणसांनी दर ४ तासांनी २ गोळ्या घ्याव्यात. दिवसाला ८ पेक्षा कमी गोळ्या घ्या. इतर वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेऊ नका. त्रास झाल्यास डॉक्टरांना दाखवा."

दुसरा मजकूर वाचायला सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पण त्यातलं एकही वाक्य मूळ मजकुराशी जुळत नाही.

मर्यादेचा सल्ला होतो

मूळ मजकुरात "आवश्यकतेनुसार" होतं, ते गेलं. "१ ते २" चं "२" झालं, "४ ते ६ तास" चे "४ तास" झाले. आता हिशेब करून बघा. दर ४ तासांनी म्हणजे २४ तासांत ६ वेळा. दर वेळी २ म्हणजे १२ गोळ्या, ६००० मिलिग्रॅम. मूळ मर्यादा ८ गोळ्यांची, म्हणजे ४००० मिलिग्रॅमची. पहिलं वाक्य १२ गोळ्यांकडे नेतं आणि दुसरं ८ च्या आत थांबायला सांगतं. तापाने फणफणलेला माणूस यातलं पहिलंच लक्षात ठेवतो, कारण काय करायचं ते तिथे लिहिलेलं आहे.

सोपं करताना प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारावा: हा आकडा "इतकं घ्या" म्हणतोय, की "याच्या पुढे जाऊ नका" म्हणतोय? एका वेळची मात्रा पहिल्या प्रकारची असते. ४ तासांचं अंतर आणि ८ गोळ्यांची मर्यादा दुसऱ्या प्रकारची. दोन्ही प्रकार एकाच वाक्यात कोंबले की कुंपण कुठलं आणि वाट कुठली ते कळेनासं होतं. म्हणून त्यांना वेगळी वाक्यं द्यावीत, भले एक ओळ वाढली तरी.

"८ पेक्षा कमी" हीसुद्धा चूकच आहे. ८ पेक्षा कमी म्हणजे ७. मूळ मजकूर ८ वी गोळी घ्यायला मनाई करत नाही, ९ वी घ्यायला करतो. चूक सावधगिरीच्या बाजूची आहे म्हणून सोडून देऊ नये, कारण मर्यादा आपण ठरवलेली नसते. "८ गोळ्यांपर्यंत", "८ च्या आत" असंही लिहू नये. यात आठवी गोळी धरायची की नाही यावर दोन वाचकांचं एकमत होत नाही. "८ पेक्षा जास्त गोळ्या घेऊ नका" एवढंच नेमकं आहे.

"दिवस" आणि "२४ तास" एक नाहीत

माझ्या मते सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक ही. "२४ तासांच्या कालावधीत" हे जड वाटतं, म्हणून "दिवसाला" लिहिलं जातं. पण दिवस कधी संपतो? कुणासाठी अंधार पडला की, कुणासाठी झोपलं की, कुणासाठी रात्री १२ ला तारीख बदलली की.

एक माणूस सकाळी ८ वाजता २ गोळ्या घेतो, मग दुपारी १२, ४ आणि रात्री ८ वाजता दोन-दोन. झाल्या ८. रात्री १२ वाजता अंग पुन्हा तापतं. चार तास झालेत, तारीख बदललीय, म्हणजे नवा दिवस सुरू, असं समजून तो आणखी २ घेतो. सकाळी ८ पासून मोजलं तर १६ तासांत १० गोळ्या, ५००० मिलिग्रॅम. वेष्टनावर "दिवसाला ८ पेक्षा जास्त गोळ्या घेऊ नका" असं असेल, तर त्याने ते तंतोतंत पाळलंय आणि तरी मर्यादा ओलांडलीय.

"कोणत्याही २४ तासांत" असं लिहिलं तर नेमकेपणा टिकतो, पण मोजायचं कसं ते कळत नाही. जागा असेल तर एक वाक्य जोडावं: "गोळी घेण्याआधी मागच्या २४ तासांत किती घेतल्या ते मोजा." त्या माणसाने असं मोजलं असतं तर ८ आकडा दिसला असता आणि तो सकाळी ८ पर्यंत थांबला असता. सकाळी पहिल्या २ गोळ्या २४ तासांच्या बाहेर गेल्यावर पुढच्या २ ना जागा होते.

"वेदनाशामक" हा शब्द चुकीच्या दारावर पहारा देतो

"पॅरासिटामॉलयुक्त अन्य औषधे" या जागी "इतर वेदनाशामक गोळ्या" लिहिलं की दोन बाजूंनी बिघडतं. ज्या औषधांबद्दल मूळ मजकूर काहीच बोलत नाही, ती विनाकारण आत येतात. आणि ज्यांच्यापासून खरा धोका असतो ती बाहेर राहतात. सर्दी-खोकल्याच्या किंवा फ्लूच्या कित्येक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असतं, पण ती कुणी "वेदनाशामक" म्हणून विकत घेत नाही.

इथे घटकाचं नाव सोपं करण्याचा मोह टाळावा. ते नाव वाचकाला समजायला हवं असं नाही, दुसऱ्या पाकिटावर शोधता आलं म्हणजे पुरे. म्हणून: "सर्दी, ताप, अंगदुखीच्या इतर औषधांतही पॅरासिटामॉल असू शकतं. पाकिटावर हे नाव शोधा. असेल तर ते औषध याच्याबरोबर घेऊ नका." काही देशांत हाच घटक ॲसिटामिनोफेन या नावाने छापला जातो. तिथली औषधं वाचकाच्या हाती येण्यासारखी असतील, तर दुसरं नावही द्यावं की नाही हे औषधनिर्माणशास्त्र जाणणाऱ्याला विचारावं.

"त्रास झाल्यास"

हे दोन शब्द त्या सोप्या मजकुरातले सर्वांत घातक. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या २४ तासांत माणसाला अनेकदा काहीच जाणवत नाही, फार तर मळमळतं. यकृताची हानी पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसू लागते. उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन मात्र गोळ्या घेतल्यापासून साधारण ८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. म्हणजे त्रास होण्याची वाट पाहायला सांगणं म्हणजे उताऱ्याचीच वेळ घालवायला सांगणं.

"लक्षणे नसली तरी" हा त्या सूचनेचा गाभा आहे. लिहावं असं: "जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तर लगेच डॉक्टरांकडे जा. बरं वाटत असलं तरी जा. यकृताला झालेली इजा उशिरा दिसते." कारण एकाच छोट्या वाक्यात द्यावं. ते गाळलं तर "बरं वाटत असलं तरी" हे उगाच घाबरवणं वाटतं आणि लोक घरीच थांबतात.

मराठीत छापताना

वाक्य बरोबर असूनही छपाईत मर्यादा बिघडू शकते. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. अरुंद वेष्टनावर "८ पेक्षा जास्त गोळ्या घेऊ" एका ओळीत आणि "नका" खालच्या ओळीत गेलं, तर घाईत वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागू शकतो. "घेऊ नका" हे दोन शब्द तुटू देऊ नयेत, तसंच "८ गोळ्या" हेही.

देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच वेष्टनावर मिसळणं तर अजिबात नको. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. शक्ती इंग्रजी अंकांत आणि मात्रा देवनागरीत असेल, तर वाचणारा कुठल्या पद्धतीने वाचेल सांगता येत नाही. एकच पद्धत ठेवावी आणि मर्यादेचा आकडा अक्षरातही द्यावा: ८ (आठ).

"एक-दोन गोळ्या", "चार-सहा तासांनी" अशी बोलीतली जोडीही टाळावी. बोलताना तिचा अर्थ अदमास असा होतो. "१ किंवा २" लिहिलं की अंदाजाला जागा राहत नाही.

हे सगळं धरून मजकूर असा होतो:

"१६ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. गरज असेल तेव्हाच घ्या.
एका वेळी १ किंवा २ गोळ्या. गरज पडली तर ४ ते ६ तासांनी पुन्हा.
४ तास पूर्ण होण्याआधी पुन्हा घेऊ नका.
कोणत्याही २४ तासांत ८ (आठ) पेक्षा जास्त गोळ्या घेऊ नका."

त्यानंतर इतर औषधांची आणि जास्त गोळ्यांची वर दिलेली वाक्यं.

"समजलं का?" असं विचारू नका

उत्तर नेहमी "हो" येतं. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना "दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या" ही सूचना दाखवली होती. कमी वाचनक्षमता असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. पण दिवसाच्या एकूण गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांना ते जमलं. शब्द परत म्हणता येणं आणि हातून बरोबर घडणं यांत एवढं अंतर असतं.

म्हणून वाचकाला प्रसंग द्यावा. "सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८ ला दोन-दोन गोळ्या झाल्यात. रात्री १२ ला ताप चढला. काय कराल? पुढची गोळी कधी?" दुसरा प्रसंग असा: "काल संध्याकाळी चुकून १२ गोळ्या गेल्या, आता ठणठणीत वाटतंय." ज्या उत्तरात लोक अडखळतात, त्याच ओळीत दोष असतो. ती ओळ बदलावी आणि नव्या माणसांना पुन्हा विचारावं, कारण पहिल्यांना उत्तर ठाऊक झालेलं असतं.

आकडे मात्र या फेऱ्यांमध्ये हलता कामा नयेत. मूळ मजकुरातल्या मर्यादा आधी वेगळ्या कागदावर उतरवाव्यात: वय, एका वेळची मात्रा, अंतर, २४ तासांची मर्यादा, कशाबरोबर नाही, जास्त झाल्यास काय. प्रत्येक मसुदा त्या कागदाशी ताडून पाहावा, आणि हे काम मसुदा लिहिणाऱ्याने करू नये. मूळ मजकुरातच काही संदिग्ध असेल, तर ते आपल्या समजुतीने दुरुस्त न करता कंपनीच्या किंवा मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जबाबदार माणसाकडे परत पाठवावं.

जुना मजकूर नव्या पाकिटासाठी उचलताना ही ताडणी पुन्हा पहिल्यापासून करावी. ६५० मिलिग्रॅमच्या गोळीवर "८ गोळ्या" तशाच राहिल्या तर बेरीज ५२०० मिलिग्रॅम होते. आणि गोळी ५०० चीच असली तरी काही वेष्टनांवर मर्यादा ८ नसून ६ असते. ज्या पाकिटासाठी लिहायचं, त्याच पाकिटाच्या मंजूर मजकुरातला आकडा घ्यावा.