तेल महागलं की कुठला वक्र सरकतो? या चुका टाळा

बी.ए. अर्थशास्त्राच्या पोरांच्या वह्या तपासताना एकच आकृती दरवर्षी भेटते. तेल महागलं, म्हणून समग्र मागणीचा वक्र डावीकडे! गेल्या वर्षी एकाला विचारलं, असं का? तो म्हणाला, "सर, पेट्रोलवर पैसे गेले की बाकी खरेदीला काही उरत नाही ना."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तेल आयात करणाऱ्या देशात मागणीवरही ताण येतोच. पण त्याला म्हटलं, तुझ्याच आकृतीत किंमत पातळी कुठे गेली ते बघ. खाली! आता 1974 ची अमेरिका घे. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि तीनेक डॉलरचं पिंप जानेवारीपर्यंत साडेअकराच्या पुढे गेलं. 1974 मध्ये महागाई 11 टक्क्यांच्या आसपास होती, उत्पादन आक्रसलं आणि मे 1975 मध्ये बेरोजगारी 9 टक्क्यांवर गेली. नुसता मागणीचा वक्र सरकवून भाव वर आणि उत्पादन खाली, हे एकदम दाखवताच येत नाही. वाहतूक, वीज, खत, सगळ्याचा खर्च वाढला, म्हणजे तेवढाच माल काढायला जास्त भाव लागतो. म्हणून अल्पकालीन समग्र पुरवठ्याचा वक्र डावीकडे. भाव वर आणि उत्पादन खाली, स्टॅगफ्लेशन म्हणतात ते हेच.

माझी सवय अशी की पेन्सिल टेकवण्याआधी कोपऱ्यात दोन बाण काढायचे: भाव वर, उत्पादन खाली. आकृती बाणांशी जुळली नाही की खोडायची. पोरांना हे वेळखाऊ वाटतं, मग दहा गुण जातात.

पुरवठा घटला म्हणून वक्र "खाली" ओढणारेही असतात. चढता वक्र खाली ओढलात तर पुरवठा वाढला! आडवं सरकवा, डावीकडे.

धक्का एकदाच बसला तर किंमत पातळी एकदाच चढते. महागाई वर्षानुवर्षं चालू राहते ती लोक पुढची भाववाढ गृहीत धरून पगार वाढवून मागतात आणि मध्यवर्ती बँक पैसा सैल सोडते तेव्हा.

"मग सरकारने मागणी वाढवावी," हे उत्तर घाईचं. उत्पादन सावरतं, पण भाव आणखी चढतात. मागणी आवळली तर भाव उतरतात, बेरोजगारी वाढते. काहीच केलं नाही, तर वेतनवाढ थंडावून वक्र परत उजवीकडे यायला वेळ लागतो, आणि तोवर लोक बेकार. तिन्हींची किंमत लिहा, एकच रामबाण लिहू नका.

आणि 1974 ची सगळी महागाई तेलाच्या माथी मारू नका. धान्य आधीच महागलं होतं, आणि निक्सन सरकारची किंमत नियंत्रणं एप्रिल 1974 मध्ये उठल्यावर दाबून ठेवलेले भावही उसळले.