रोमटामेळात ढोल-ताशे एकसाथ कसे ठेवावेत

गोव्यातल्या शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशे वाजवत नाचत जाणारा रोमटामेळ लांबून येताना आधी कानावर पडतं ते ‘घणचे कटर घण’. हे ठेक्याचे बोल आहेत, आणि ज्याला ते तोंडाने नीट म्हणता येतात त्याला अर्धं वादन आलेलं असतं. म्हणून पहिले दोन दिवस ढोल गळ्यात घालूच नका. मांडावर किंवा देवळाच्या अंगणात सगळ्यांनी उभं राहून बोल म्हणायचे आणि टाळीने मात्रा मोजायच्या.

गावागणिक ठेका थोडा बदलतो. आम्ही फोंड्याकडे सरावाला घेतो तो चार मात्रांचा असा:

1 – घणचे
2 – कटर
3 – घण
4 – (रिकामी)

ढोलावर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला काठीचा ठोका, आणि ‘चे’ला दुसऱ्या तोंडावर हाताची हलकी थाप. ताशा थांबत नाही. तो प्रत्येक मात्रेत चार बारीक घाव घालतो, फक्त ‘कटर’ला काड्या जोरात पडतात, कारण तिथे ढोल गप्प असतो. कांसाळे, म्हणजे झांजा, पहिल्या मात्रेवरच वाजवा. प्रत्येक मात्रेला झणझणली तर ताशाचं बारीक काम त्यात बुडून जातं.

सगळा घोळ होतो चौथ्या मात्रेवर. तिथे ढोलाला काम नसतं, आणि रिकामा हात वाट बघत नाही. नवा वादक ती मात्रा थोडी आखूड करतो, शेजारचा त्याच्या मागे जातो, आणि दहा मिनिटांत मेळ पळायला लागतो. आमच्याकडचे एक जुने वादक काका अशा वेळी मागून ओरडतात, “चौथी खाल्लीस रे!” यावर उपाय पायांचा. उजवा पाय पहिल्या मात्रेवर, डावा तिसऱ्यावर टाकायचा. चौथ्या मात्रेत वजन डाव्या पायावरून उजवीकडे सरकत असतं, त्यामुळे ती रिकामी वाटत नाही. सुरुवात मिनिटाला 90 मात्रांनी करा. मोबाइलवर मेट्रोनोम लावून पाच मिनिटं सलग वाजवा, मग तो बंद करून पुन्हा पाच मिनिटं वाजवा आणि शेवटी परत लावून पाहा. वेग 100 च्या वर गेलेला दिसला तर चौथी मात्रा कुणीतरी खातोय.

अंगणात जमलेला मेळ रस्त्यावर फुटतो. तिथे दोष वादकांचा नसतो, अंतराचा असतो. आवाजाला 35 मीटर जायला साधारण 0.1 सेकंद लागतो. 90 च्या वेगात ताशाचा एक घाव 0.17 सेकंदाचा असतो. म्हणजे 35 मीटर मागचा ढोलवाला पुढच्यांना ऐकून वाजवू लागला, तर तो अर्ध्या घावापेक्षा जास्त उशिरा पडतो. त्याचा आवाज पुढे पोहोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर होतो. पुढचे त्याच्यासाठी थांबले की ठेका जड होत जातो. वेग 120 झाला की हेच अंतर जवळजवळ पूर्ण एका घावाचं होतं.

म्हणून ताशे पुढे ठेवू नका, शोभून दिसत असले तरी. समजा 16 ढोल, 5 ताशे आणि 4 कांसाळे आहेत. ताशे आणि कांसाळे मधोमध घ्या, आठ ढोल त्यांच्या पुढे आणि आठ मागे, दोन-दोनच्या ओळीत. ओळींमध्ये दीड-दोन मीटर अंतर ठेवलं तर कुठलाच ढोल ताशापासून दहा मीटरपलीकडे जात नाही. पुढच्या ढोलवाल्यांना ताशे पाठीमागून ऐकू येतात, तेवढं पुरतं. निशाणवाले आणि नाचणारे कितीही पुढे गेले तरी हरकत नाही; ढोलांनी त्यांच्यामागे धावायचं नाही.

ठेका बदलायची खूण मात्र कानाने घेऊ नये. म्होरक्याने काठी वर धरली की प्रत्येकाने मागच्याला दिसेल अशी आपली काठी क्षणभर उंचावायची आणि दोन आवर्तनं आहे तेच वाजवायचं. म्होरक्या काठी खाली आणतो ती पहिल्या मात्रेवर, आणि तिथूनच नवा ठेका सुरू. ‘ओस्सय’ची आरोळीसुद्धा चौथ्या रिकाम्या मात्रेतच द्या, म्हणजे ती ठोक्याखाली दबत नाही.

मेळ जमलाय का हे पुढे उभं राहून ठरवू नका. तिथे मागचे ढोल उशिरा ऐकू येणारच. ताशांच्या शेजारी उभं राहा. पहिल्या मात्रेचा ठोका एकच ‘धुम’ असा आला तर ठीक. ‘धु-धुम’ असा दुहेरी आला तर कुठली ओळ मागे पडली ते पाहा आणि तिला जवळ ओढा. ती आधीच जवळ असेल आणि आवाज नुसताच मऊ, पसरट वाटत असेल, तर चूक वेळेची नाही. संध्याकाळच्या दमट हवेने कातडं सैल पडलेलं असतं. पुढच्या थांब्यावर दोऱ्या ओढून ढोल ताणून घ्या.