वेल्डिंगचे जॉब फोटोवरून तपासायचे तर टॉर्च तिरका धरायला सांगा

आयटीआयच्या मुलांकडून फोटो मागवताना आधी स्लॅग पूर्ण झाडायला सांगा. त्याखाली गॅप बेमालूम लपतो. स्पॅटर मात्र छिन्नीने काढू देऊ नका, नाहीतर तुलनेला उरणार काय? फ्लॅश बंद, टॉर्च एका बाजूने तिरका, आणि जॉबला लागून स्टीलची मोजपट्टी.

समजा, दोन लॅप जॉइंट आहेत, दोन्ही 6 मिमी प्लेटचे. पहिल्याचं बीड सुरुवातीला 8 मिमी आणि शेवटी 5 मिमी रुंद, म्हणजे रॉड पुढे पुढे पळवलाय. दुसऱ्याची रुंदी सारखी, पण बाजूला दाण्यांचा सडा: बहुधा आर्क लांब धरलाय किंवा करंट जास्त आहे. तेवढ्यावरून लगेच गुण कापू नका. आधी बीडच्या कडेची काळी रेघ बघा. ती ज्या बाजूला आहे त्याच बाजूने टॉर्च मारून दुसरा फोटो घ्यायला लावा. रेघ गेली तर ती बीडची सावली होती. राहिली तर अंडरकट किंवा न भरलेला गॅप, आणि हा दोष स्पॅटरपेक्षा कितीतरी गंभीर. वितळ आत किती गेली हे मात्र फोटोत कळत नाही, त्यासाठी जॉब तोडूनच बघावा लागतो.